म्हापशात मोबाईलचं दुकान, आणि नाव काय ठेवायचं?

भाचा म्हापसा मार्केटात मोबाईल रिपेअरचा गाळा टाकतोय. मी बोर्डांच्या धंद्यातला, त्यामुळे नाव सुचवायचं काम साहजिकच मामाकडे आलं. त्याने आणलेली यादी अशी: साई मोबाईल, मोबाईल वर्ल्ड, मोबाईल झोन, फोन डॉक्टर, आणि आय-ने सुरू होणारी दोन नावं. ज्या गल्लीत गाळा घेतलाय तिथे यातली निम्मी आधीच लागलेली आहेत, थोड्याफार फरकाने.

सगळे बोर्ड सारखे का दिसतात, याचं कारण बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. फोनच्या कंपन्यांचे वितरक दुकानदाराला बोर्ड फुकट करून देतात. लाइटसकट, फिटिंगसकट. बदल्यात बोर्डाचा मोठा भाग कंपनीच्या नावाचा आणि रंगाचा, आणि दुकानाचं नाव एका कोपऱ्यात. ओळीने पाच दुकानांनी हा सौदा केला की गिऱ्हाइकाला पाच निळे किंवा पाच हिरवे बोर्ड दिसतात. भाच्यालाही अशी ऑफर आली आणि तो खूश झाला. मी म्हटलं, घेऊ नको. एसीपीचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलचा, बोर्ड स्वतःच्या पैशाने कर, पाहिजे तर आकार लहान ठेव.

आता मुद्द्याचं. बाजारातलं नाव गिऱ्हाइकाला आत ओढतं असं सगळे धरून चालतात. रिपेअरच्या धंद्यात मला ते पटत नाही. डिस्प्ले फुटलेला माणूस समोर जे दुकान येईल तिथे शिरतो, आणि सगळ्याच काचांवर ‘डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पोर्ट’ लिहिलेलं असतं. नावाची खरी गरज लागते तो माणूस परत येताना. सकाळी पेडण्याहून बसने आला, फोन दिला, ‘तीन वाजता या’ ऐकलं आणि बाजार करायला गेला. आता त्याच्याकडे फोनच नाही. नकाशा नाही, दुकानाचा नंबर नाही, दुकानाचा फोटो काढला असेल तर तोही त्याच फोनमध्ये. हातात एक चिठ्ठी आणि डोक्यात जे उरलं असेल ते. शुक्रवारच्या गर्दीत तो कुणाला तरी विचारणार. ‘साई मोबाईल खंय?’ म्हटल्यावर समोरचा विचारतो, खंयचें साई?

म्हणून नाव असं हवं की एकदा ऐकून तोंडात राहील, गल्लीत दुसऱ्या कुणाचं नसेल, आणि रोमन अक्षरांत लिहिल्यावर कुणीही तसंच वाचेल. ही तिसरी अट लोक विसरतात. गोव्यात बोर्ड बहुतेक रोमनमध्ये लागतो, कारण गिऱ्हाईक कर्नाटकातलं, उत्तरेतलं, परदेशी पर्यटक असं सगळं मिसळीचं. भाच्याच्या आईला ‘माड’ आवडलं होतं. MAAD लिहून चार जणांना वाचायला दिलं, तिघांनी मॅड वाचलं. मग तिने ‘पणती’ काढली. ती रोमनमध्ये लिहून बघा आणि मग घरात कुणालाही दाखवू नका.

शेवटी ‘होडी’ ठरलं. त्याच्या आजोबांची होडी होती, केरीकडे. पण मला ते चाललं ते वेगळ्या कारणाने. HODI ही चार अक्षरं, वाचायची पद्धत एकच. आणि तिचं चित्र काढता येतं. वाचता न येणारा माणूससुद्धा ‘होडीवालो’ म्हणून विचारू शकतो. भावजींचा मात्र आग्रह होता की देवाचं नाव पाहिजेच. त्यात काय अडचण? बोर्डाच्या वरच्या कडेला ‘श्री देव बोडगेश्वर प्रसन्न’ अशी बारीक ओळ येते, घरचे खूश आणि मोठी अक्षरं मोकळी.

मोठी अक्षरं किती मोठी, तर आमच्याकडे ढोबळ हिशोब आहे: एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. गाळा १० फूट रुंद, म्हणजे १२० इंच. SHREE SAI SAMARTH MOBILE & ACCESSORIES असं लिहिलं तर मधल्या जागा धरून ३८ अक्षरं होतात. एका ओळीत बसवायचं तर एका अक्षराला जेमतेम तीन इंच रुंदी आणि चारेक इंच उंची येते. म्हणजे चाळीस फुटांच्या पलीकडे ती नुसती रांगोळी. HODI दहा इंच उंचीचं घातलं तरी तीन-साडेतीन फुटांत मावतं आणि शंभर फुटांवरून वाचता येतं. उरलेल्या जागेत ‘मोबाईल रिपेअर’ लहान अक्षरांत.

पण खरं सांगू? आमच्या गल्लीत समोरचा बोर्ड शंभर फुटांवरून दिसतच नाही. माणूस गल्लीतून दुकानांच्या कडेने चालतो, त्यामुळे प्रत्येक बोर्ड त्याला तिरका, चेपलेला दिसतो, आणि वर ताडपत्र्या. दिसतो तो बाहेर काढलेला आडवा बोर्ड, दोन फुटांचा गोल, दोन्ही बाजूंनी. त्यावर एक शब्द आणि एक चित्र एवढंच बसतं. दुकानाचं नाव मी या गोलासाठी ठरवतो, समोरच्या बोर्डासाठी नाही. डोक्याच्या वर नीट उंच घ्यावा आणि पालिकेला विचारून लावावा, नाहीतर अतिक्रमण हटवताना सगळ्यांत आधी तोच जातो. लोखंडी फ्रेम असेल तर पावसाळ्याआधी प्रायमर मारून घ्या, नाहीतर गंजाचे ओघळ थेट नावावर.

गूगलवर दिसावं म्हणून नावात ‘बेस्ट मोबाईल रिपेअर म्हापसा’ कोंबायची आयडिया भाच्याला कुणीतरी दिली होती. गूगलचा नियम आहे की दुकानाचं जे खरं नाव बोर्डावर आहे तेच तिथे लिहायचं, जास्तीचे शब्द घातले तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. धंदा कसला ते सांगायला कॅटेगरी आहे, `Mobile phone repair shop` निवडली की तेवढं काम होतं.

आय-वाली नावं आणि चावलेलं सफरचंद तर मी छापूनच देत नाही. ‘इथे आयफोन दुरुस्त होतो’ हे खरं असेल तर लिहायला हरकत नाही. पण दुसऱ्याचा लोगो आपल्या नावात घालणं किंवा नसताना ‘ऑथोराइज्ड’ म्हणणं, म्हणजे वकिलाच्या नोटिशीला आमंत्रण.

स्पेलिंग एकदा ठरलं की सगळीकडे अक्षर न अक्षर तेच ठेवायला सांगितलंय. एकट्याच्या मालकीच्या दुकानाच्या नावाने बँकेत खातं काढायला दुकानाच्या नावाचे दोन पुरावे लागतात. शॉप अ‍ॅक्टची नोंदणी आणि उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ही नेहमीची जोडी. एकावर MOBILE आणि दुसऱ्यावर MOBILES आलं की कागद परत. मग खातं निघेपर्यंत क्यूआर कोड भाच्याच्या स्वतःच्या नावावर चालणार, आणि स्कॅन केल्यावर बोर्डावर नसलेलं नाव बघून गिऱ्हाईक विचारणार, हा कोण?

ट्रेडमार्कचं म्हणाल तर रिपेअर ३७ व्या वर्गात येतं, कव्हर-चार्जर विकणं ३५ व्या. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये सरकारी फी, नोंदणी १० वर्षांची. आत्ताच नऊ हजार घालू नको म्हटलं, त्यात गरम हवेने फोनचे सुटे भाग काढायचं हॉट एअर स्टेशन येईल. पण ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवरचा शोध फुकट आहे, तो बोर्ड छापायच्या आधी करायचाच. आणि नोंदणी होईपर्यंत नावापुढे गोलातला आर लावायचा नाही, तो गुन्हा आहे. भाच्याला तो गोल फार आवडला होता, डिझाइनमधून मीच उडवला.