आजोबांची बदली

भाऊंच्या तेलाचं सेल्स पेज मोबाइलवर उघडलं की अंगठा दुखायला लागतो, पण पेज काही संपत नाही. माल चोख: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, 380 रुपये लिटर. फक्त हा भाव पार तळघरात, ऑर्डरच्या बटणाला चिकटून बसलेला. त्याआधी फेटा बांधलेले आजोबा, मग ‘आमची गौरवशाली परंपरा’, मग ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’, मग ‘निसर्गाकडून तुमच्या स्वयंपाकघरात’.

“लोक बघतात खूप, मॅडम, घेत नाही कुणी,” भाऊ म्हणाले. “जरा मधलं मधलं चकचकीत करून द्या.”

मी फक्त उपशीर्षकं एका कागदावर उतरवली आणि त्यांच्यासमोर ठेवली. “हे कशाचं दुकान आहे, सांगा.”

भाऊंनी चष्मा लावून वाचलं. “गाद्यांचंही असू शकतं,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

लांब पेज कुणी ओळीने वाचत नाही. लोक ठळक अक्षरं बघत सरकतात आणि मनातल्या प्रश्नाचं उत्तर दिसलं तर तिथे थांबतात. ‘ध्यास’ बघून कोण थांबणार?

आता लोकांच्या मनात काय असतं, हे भाऊंना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या मते लोकांच्या मनात आजोबा असतात. खरी माहिती वहिनींकडे, कारण फोन आणि व्हॉट्सॅप त्याच सांभाळतात. त्यांनी पोळ्या लाटता लाटता क्रमच सांगितला. “पहिलं, केवढ्याला? मग, अगंबाई, एवढं महाग? मग, घाण्याचंच कशावरून? मग, तळताना फेस येतो म्हणे. आणि पैसे पाठवायच्या वेळी, बाटली फुटली तर?” हाच क्रम जुन्या चॅटमध्ये जसाच्या तसा सापडला. फेसाचं सुरुवातीला कुणीच विचारत नाही. ज्याला भाव पटलेला नाही, त्याला फेसाशी काय देणंघेणं?

म्हणून भाव वर आणला. भाऊंचा चेहरा पडला. “भाव बघून पळतील की!” पण भाव लपवला म्हणून माणूस आजोबा वाचत बसत नाही, तो झरझर तळाशी जातो, 380 बघतो आणि तिथूनच निघून जातो. भाव वर असला की त्याचं कारण लगेच खाली देता येतं. नवं उपशीर्षक: ‘380 रुपये का? कारण एका लिटरला अडीच किलो दाणे लागतात’. खाली साधा हिशोब: दाणे 130 रुपये किलो, म्हणजे 325 रुपये दाण्यातच गेले. पेंड विकून त्यातले थोडे परत येतात. उरलेल्यात वीज, मजुरी, बाटली आणि भाऊ.

“मजुरी नि बाटलीपर्यंत ठीक आहे,” भाऊ म्हणाले. “मला काढा त्यातून.”

खरी लढाई आजोबांवरून झाली. त्यांना काढायचं नव्हतं, फक्त बदली करायची होती, तीही शेजारच्या टेबलावर. ‘घाण्याचंच कशावरून?’ हा प्रश्न उठतो तिथे, घाणा फिरतानाच्या व्हिडिओखाली, त्याच घाण्याशेजारी उभे आजोबा. पेजच्या माथ्यावर ते नुसते कुणाचे तरी आजोबा होते. इथे ते साक्षीदार झाले. शब्द जवळपास तेच राहिले. ‘पाम तेलाची भेसळ नाही’ हे वाक्यही वरून उचलून इथेच आणलं. शंका यायच्या आत भेसळीचं नाव काढलं की लोकांना ती नव्याने सुचते.

फेसाचं उत्तर वहिनींनीच दिलं: हे तेल रिफाइन केलेलं नाही, म्हणून फेस येतो. कढई काठोकाठ भरू नका, आच मध्यम ठेवा. आधी हे ‘वापराच्या सूचना’ नावाखाली मेलेलं होतं. आता ठळक अक्षरांत आहे: ‘तळताना फेस येतो. येणारच.’ फुटलेल्या बाटलीचा फोटो पाठवा, दुसरी पाठवतो, हे वचन मात्र बटणाच्या अगदी वर बसवलं. ते शोभेसाठी पहिल्याच पडद्यावर टाकलेलं होतं. तेल घ्यायचं ठरायच्या आधीच बाटली फुटलेली!

परिच्छेद हलवले की सांधे निखळतात, हा छळ वेगळाच. आजोबांच्या परिच्छेदाची सुरुवात ‘म्हणूनच’ अशी होती आणि त्याच्या वर आता व्हिडिओ. एके ठिकाणी ‘वर सांगितल्याप्रमाणे’ होतं, पण सांगितलेलं सगळं खाली गेलेलं. हे डोळ्यांना दिसत नाही, मोठ्याने वाचलं की जीभ अडखळते. मी वाचत होते, वहिनी मध्येच “काय म्हणूनच?” असं विचारत होत्या. इतकी चोख संपादक फुकटात मिळत नाही.

नवं पेज लागल्यावर ‘एवढं महाग?’ विचारणारे फोन कमी झाले, असं वहिनी सांगतात. त्याऐवजी हिशोब वाचून गोठेवाले फोन करतात: “ताई, पेंड काय भाव?” भाऊ भलतेच खूश आहेत. पेंडीसाठी वेगळं पेज हवंय म्हणतात, आणि सुरुवातीला आजीचा फोटो आहे त्यांच्याकडे.