अभिनय नको, निवेदन हवं

‘माणसं जितकी अतिरंजित वागतील, तितकं हसू जास्त.’

घरच्या माणसांवर वन्यजीव माहितीपटाच्या थाटात विनोदी व्हिडिओ करण्याबद्दल असं म्हटलं जातं. मला हे पटलं नाही. पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर कुरडयांचं चित्रण केलं, तेव्हा पुतण्याला मुद्दाम प्राण्यासारखं सरपटायला लावलं. कोणीच हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइल टाकीच्या आडोशाला ठेवला आणि वीस मिनिटं तसाच चालू दिला. तोवर सगळे कॅमेरा विसरले होते. निवेदन नंतर, दृश्यं जोडून झाल्यावर लिहिलं: ‘आई पाठमोरी होताच पिल्लू चिकाच्या पातेल्याकडे सरकतं.’ आवाज हळू, गंभीर, वर्तमानकाळात. बोट पातेल्यात जाण्याआधी तीन सेकंद निवेदक गप्प, फक्त चिमण्यांचा आवाज. घर तिथेच हसलं. निवेदकाने स्वतः हसू दाखवलं, की मजा संपते.