भाजणी, मंगळवारी

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या तात्यांना दिवाळीआधी रिक्षा फिरवायची होती. टपावर भोंगा बांधलेली, तीच ती. रिक्षावाल्याने सांगितलं, तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग द्या, शुक्रवारपासून सोमवारपर्यंत ते सारखं वाजत राहील. तात्या थेट माझ्याकडे आले. "तुम्ही काहीतरी लिहिता ना? मग हे लिहा. तीस सेकंद तर आहेत!"

त्यांनी दिलेल्या कागदाला दोन्ही बाजू होत्या आणि दोन्ही भरलेल्या होत्या. वर श्रीगणेशाय नमः. मग पणजोबांनी गिरणी कशी काढली ते. आमची कुठेही शाखा नाही. डंकावर मसाला कुटून मिळेल. गाडी लावायला मारुतीसमोर जागा आहे. शेवटी मोबाईल नंबर, आणि त्यापुढे कंसात 'दोनदा'.

भोंग्यावरचं मराठी समजायला हवं असेल तर तीस सेकंदांत फार तर साठ शब्द बसतात. साठावा शब्द संपला तेव्हा पणजोबा जातं घेऊन अजून बैलगाडीतच होते. बरं, दहा आकडे नीट म्हणायला पाच सेकंद लागतात. दोनदा म्हटले की जाहिरातीचा तिसरा हिस्सा खलास. आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असलेला माणूस तो नंबर टिपणार कुठे? तेही दोन मिनिटांवर असलेल्या गिरणीचा!

"तात्या, हे ऐकून लोकांनी नेमकं काय करायचं?"

"यायचं."

"ते येतातच. काय घेऊन, कधी?"

तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. लोक येत नाहीत ही अडचणच नव्हती. सगळे एकदम येतात आणि प्रत्येकाच्या डब्यात वेगळं असतं. चकलीची भाजणी गव्हावर दळली तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं, म्हणून बायका बजावतात, "गव्हावर नको हं." उलट भाजणीवर गहू दळले की पोळीला धण्या-जिऱ्याचा वास. मग दर दोन डब्यांमागे मूठभर तांदूळ टाकून जातं साफ करायचं, आणि रांगेतल्यांचं ऐकून घ्यायचं. भाजणी सगळी एकाच दिवशी आली तर हे सगळं टळतं. म्हणजे सांगायचं एवढंच: भाजणी मंगळवारी आणा. पणजोबा गेले, डंक गेला, मारुतीसमोरची जागाही गेली. तात्यांचा चेहरा वाटणीपत्रावर सही केल्यासारखा झाला.

पुढची पंचाईत रिक्षाची. ती ताशी दहा किलोमीटरने रेंगाळली तरी सेकंदाला जवळपास तीन मीटर पुढे सरकते. भोंग्याचे नुसते आवाज नव्हे, शब्द कळतात ते वीस-पंचवीस मीटरवरून. म्हणजे खिडकीतल्या काकूंच्या वाट्याला पंधराएक सेकंद, तेही कुठून तरी मधूनच. सुरुवातीला उत्सुकता आणि शेवटी उलगडा असली कारागिरी इथे फुकट. मंगळवार आणि भाजणी ही जोडी आधी, मध्ये आणि शेवटी आलीच पाहिजे.

"'गहू आणू नका' एवढं तरी घाला," तात्या काकुळतीला आले. मी ठाम नाही म्हटलं. रस्त्यावर नेमका 'नका'वर कुणीतरी हॉर्न मारतो आणि गल्लीत 'गहू आणू' तेवढं पोचतं.

शेवटी ठरलं ते असं:

"चकलीची भाजणी दळायचीय? येत्या मंगळवारी आणा! मंगळवारी दिवसभर तात्यांच्या गिरणीत फक्त भाजणी. भाजणीवर भाजणीच दळणार, चकली खुसखुशीत होणार. धान्य भाजा, गार करा, डब्यात भरा आणि मंगळवारी मारुतीच्या नाक्यावर तात्यांच्या गिरणीत आणा. सकाळी सातपासून. भाजणी आणा, मंगळवारी!"

चाळिसाच्या आत शब्द. उरलेली जागा श्वासाला आणि हॉर्नला. 'गार करा' मात्र तात्यांनी हट्टाने घालायला लावलं, आणि ते बरोबरच होतं. गरम भाजणी डब्यात कोंडली की तिला घाम सुटतो, आणि जात्यात पीठ चिकटून बसतं.

पुतण्याने आवाज दिला. त्याला निवडणुकीचा अनुभव असल्यामुळे चकली प्रचंड मतांनी विजयी होणार असं वाटत होतं. मी ते चहाच्या टपरीवरच्या पोराला एकदाच ऐकवलं आणि विचारलं, "काय करायचंय?" तो म्हणाला, "भाजणी, मंगळवारी." दुकानाचं नाव त्याला आठवलं नाही. तात्या खट्टू झाले, पण गल्लीत गिरणी एकच आहे.

मंगळवारी सातलाच रांग मारुतीपर्यंत गेली. स्टीलचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, आत भाजणी. तात्या खुशीत. तेवढ्यात वरच्या आळीतल्या काकूंनी वट्यावर दणकन पिशवी ठेवली. आत दहा किलो गहू.

"काकू, आज फक्त भाजणी. रिक्षा ऐकली नाहीत का?"

"ऐकली की! चार दिवस झोपू दिलं नाही मेल्यांनी. भाजणी आणा म्हणाले. गहू आणू नका असं कुठे म्हणाले?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. तात्यांनी पट्टा थांबवला, कानामागची पेन्सिल काढली आणि शांतपणे माझ्यापुढे धरली.

"बुधवारचं लिहा."