मामाच्या नळाचा फोटो

मी आर्णीले राहतो, त्यामुळे गावाकडं काही बिघडलं की आधी फोटो मले येते. परवा मामाचा आला, खाली एकच ओळ, 'वायसर आणजो.' फोटोत अर्धी बादली, बकरीचा एक कान, मामाचा अंगठा आणि उरलेल्या जागेत सगळीकडून ओला नळ.

हार्डवेअरवाल्यानं फोटो मोठा करून पाह्यला. "भाऊ, हा नळ हाय का दोडका? हँडल किती फिरते विचार."

मामा म्हणे, "जितकं फिरवलं तितकं फिरते."

विचारायचं कारण असं की पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात आत सिरॅमिकची चकती असते, त्याले रबरी वायसर लागतच नाही, आतला अख्खा स्पिंडल बदलावा लागते. मामानं मोजून पाह्यलं, तीन-चार फेरे. म्हणजे जुन्या पद्धतीचा, वायसरवाला. मी खिशात हात घातला तर दुकानदार म्हणे थांब, बंद असताना गळते का चालू असताना?

"बंद कायले करू? गळतेच ना," मामा.

खरा घोळ इथंच हाय, कारण पाणी निघते एका जागी अन् नळाच्या अंगावरून घरंगळत टपकते सगळ्यात खालच्या जागी, मंग फोटोत तोंडच गळताना दिसणार! म्हणून मामाले सांगितलं, नळ बंद कर, दुपट्ट्यानं कोरडा पूस अन् पाहत बस. थोड्या वेळानं म्हणे, तोंड कोरडं. आता उघड. उघडल्याबरोबर ओरडला, "अबे, हे त मानेतून येऊन रायलं!"

मानेतून म्हणजे हँडलखालच्या नटातून. वायसर तळाशी बसते, त्याचं काम नळ बंद केला की पाणी अडवणं. तो झिजला असता तर बंद नळाच्या तोंडातून टपकलं असतं. चालू असतानाच मानेतून येते म्हणजे दांड्याभोवतीची पॅकिंग ढिली. दुकानदार म्हणे, तो नट पान्ह्यानं जरासाच आवळा, नाहीच थांबलं तर टाकीचा वॉल बंद करून नट खोला अन् दांड्याले पॅकिंगचा दोरा गुंडाळा. काही नळात दोऱ्याऐवजी रबरी रिंग असते, ती मात्र जुनी काढून दुकानात घेऊन या, फोटोवरून तिचं माप कळत नाही.

मामाले 'जरासा' हा शब्द कधी पटलाच नाही. गळणं एका झटक्यात थांबलं म्हणून खुशीत फोन आला, मागून मामी, "थांबलं, पण आता दोन्ही हातानं उघडत नाही, याले कोणता वायसर लागते ते विचारा!"

दुकानदार हसला. "नट थोडा ढिला करा म्हणा, वैनी."