सरासरी बारा, पण पहिली तीन वर्षं कुठली?

«एक कोटी इंडेक्स फंडात ठेवा आणि पंचेचाळिशीत नोकरी सोडून गावाला या. सरासरी बारा टक्के मिळतात, आपण आठच काढायचे, म्हणजे मुद्दलाला हात लागत नाही. बाजार पडला तर घाबरायचं नाही, तो परत वर येतोच. आणि कोकणात आंबा, नारळ, होमस्टे आहेतच, अडीअडचणीला तेवढं पुरे.»

गेल्या महिन्यात हा मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा मामेभाऊ. डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन दापोलीजवळच्या घरी कायमचा यायचा त्याचा बेत आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सरासरीपासून सुरू करू. पैसे नुसते पडून असतील तर कुठलं वर्ष आधी आलं नि कुठलं नंतर, याने शेवटच्या आकड्यात काही फरक पडत नाही. दर वर्षी त्यातून काढायला लागलात की मात्र सगळा फरक त्या क्रमातच असतो. २००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८ संपताना ९,६४७, २००९ संपताना १७,४६५ आणि २०१० संपताना २०,५०९. म्हणजे तीन वर्षांनी गाडी निघाली होती तिथेच येऊन थांबली. सेन्सेक्सबरोबर चालणाऱ्या इंडेक्स फंडात एक कोटी ठेवून विसरून गेलेल्या माणसाकडे एक कोटी एक लाख झाले.

आता दर जानेवारीत आठ लाख काढणारा माणूस बघा. पहिले आठ काढल्यावर ९२ लाख उरले, वर्षाअखेर त्याचे ४४ झाले. त्यातून परत आठ काढले, उरलेले ३६ लाख २००९ च्या तेजीत ६५ वर गेले. आणखी आठ काढले, आणि २०१० संपताना हातात ६६ लाख ६० हजार. काढले चोवीस, कमी झाले तेहतीस. मधले नऊ लाख कुणी चोरले नाहीत, ते पडत्या भावात विकलेल्या युनिटांबरोबर गेले. बाजार वर आला तेव्हा वर यायला ती युनिटं त्याच्याकडे नव्हतीच.

हीच तीन वर्षं उलटी लावा: आधी २०१० ची वाढ, मग २००९ ची, शेवटी २००८ ची घसरण. तेच आठ लाख, तीच सरासरी. शेवटी उरतात ८२ लाख. नुसत्या क्रमाने पंधरा लाखांचा फरक.

एसआयपी करणाऱ्याला घसरण फायद्याची का असते, तर त्याच रकमेत जास्त युनिटं येतात. एसडब्ल्यूपीमध्ये, म्हणजे फंडातून ठरलेली रक्कम नियमित काढत राहताना, हाच हिशेब उलटा फिरतो. रक्कम ठरलेली, भाव अर्धा, म्हणजे दुप्पट युनिटं विकावी लागतात. पंधरा वर्षं एसआयपी केलेल्यांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण त्यांचा अनुभव बरोबर उलट असतो.

तोच हिशेब पुढे चालवला तर? दर वर्षी आठच लाख, महागाईसाठी एक रुपया वाढवलेला नाही. २०१९ अखेर सेन्सेक्स ४१,२५४, सुरुवातीच्या दुप्पट. आणि आपल्या माणसाच्या खात्यात जेमतेम आठ लाख. २०२० च्या जानेवारीत ते काढले की खातं रिकामं. यात लाभांश धरलेला नाही. तो धरला तर शेवट दोन-तीन वर्षं पुढे जातो. पण महागाईप्रमाणे रक्कम वाढवली असती तर लाभांश धरूनही तो याच्या आधीच आला असता. म्हणून बाजार परत वर येतो हे वाक्य मला पुरत नाही. तो आला, पण तोवर हा संपला. शिवाय दर वेळी लवकर येईल असंही नाही. जपानचा निक्केई १९८९ च्या शिखरावर परत पोचला तो २०२४ मध्ये.

त्याच वर्षी निवृत्त होऊन याच फंडातून आठऐवजी चार लाख काढणाऱ्याकडे २०१९ अखेर जवळपास एक कोटी सहा लाख होते. दर वर्षी सहा टक्क्यांनी रक्कम वाढवली असती तरी ७४ लाख. विल्यम बेन्जेन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये वर्षाला चार टक्के काढायचा जो आकडा मांडला, तो तिथल्या बाजारासाठी आणि तीस वर्षांसाठी होता. पंचेचाळिशीत निघणाऱ्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षं काढायची आहेत. आठ हा आकडा कुठून आला, देव जाणे.

पडत्या वर्षांसाठी उशी कशी करायची, तर पहिली तीन वर्षं फंडाला हात लावावा लागू नये अशी. वरच्याच माणसाने २४ लाख आधीच एफडीत ठेवून तिन्ही वर्षांचा खर्च त्यातून केला असता, तर फंडातल्या ७६ लाखांचे २०१० अखेर जवळपास ७७ असते, आणि एफडीचं व्याज वेगळं. म्हणजे ६६ ऐवजी ७७. पण पुढे त्या ७७ मधून दर वर्षी आठ काढले तर ते दहा टक्क्यांच्या वर जातं. एवढ्या उधळपट्टीला कुठलीच उशी पुरत नाही. तेजीत सगळे पैसे इक्विटीतच असते तर जास्त मिळाले असते, हेही खरं. उशीची किंमत ती.

मामेभावाचा खरा खर्च वर्षाला पाच लाख निघाला. आम्ही पाच-पाच लाखांच्या तीन एफडी केल्या, एक, दोन आणि तीन वर्षांच्या. (सीनियर सिटिझन स्कीम त्याला अजून मिळत नाही, वय बसत नाही.) दर एप्रिलला फंडाचं स्टेटमेंट बघायचं. गेल्या एप्रिलपेक्षा युनिटचा भाव वर असेल तर वर्षाचा खर्च फंडातून काढायचा आणि मोडलेली एफडी भरून ठेवायची. खाली असेल तर फंड विकायचा नाही, मुदत संपलेली एफडी वापरायची. आणि वर्षाला काढायची रक्कम उरलेल्या एकूण पैशाच्या सहा टक्क्यांवर जायला लागली, की त्या वर्षी छपराचं काम आणि गाडी दोन्ही पुढे ढकलायची. जुन्या ऑफिसचं जीएसटीचं काम तो तीन वर्षं घरून करणार आहे, त्याचे वर्षाला दोन लाख येतील. तेच दोन लाख साठीत मिळाले तर एवढे उपयोगी पडणार नाहीत; आता ते नेमकी पहिली वर्षं झाकतात.

राहिला आंबा आणि होमस्टे. २०२० आठवा. जानेवारीत ४२ हजारांच्या जवळ पोचलेला सेन्सेक्स २३ मार्चला २५,९८१ वर. त्याच आठवड्यात टाळेबंदी, होमस्टे बंद, आणि हापूस झाडावर तयार असताना वाशीला माल न्यायची पंचाईत. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नवीन लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. शेअर बाजार, पर्यटक आणि बाग एकमेकांपासून वेगळे आहेत असं आपण समजत होतो, आणि तिघांनी तीन महिन्यांच्या आत हात वर केले.

म्हणून बागेचे पैसे आम्ही खर्चाच्या हिशेबात धरलेच नाहीत. मोहर चांगला लागून चार पेट्या जास्त गेल्या, तर ते पैसे सरळ तिसऱ्या एफडीत. मामेभावाला हे फारसं आवडलेलं नाही. बागेच्या पैशावर वहिनीने आधीच स्वयंपाकघर ठरवून ठेवलं होतं.