पाटवडीच्या स्क्रिप्टमधले सेकंद कशासाठी असतात

मागच्या लेखात मी पाटवडीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट दिली होती. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: «पाटवड्या माझी आई अंदाजाने करते, तिला कधी घड्याळ लागलं नाही. तुम्ही मात्र सेकंद लिहिलेत, कॅमेरा कुठे ते लिहिलंत, वर "इथे आजीची आठवण" असंही लिहून ठेवलंत. पाठ करून बोललेलं लगेच कळतं हो. अशाने पदार्थातला जीव जातो.»

तुमच्या आईंना घड्याळ लागत नाही, कारण त्या कढईकडे बघत असतात. शूटिंग करताना माझी नजर कढई, मोबाईल आणि पुढचं वाक्य अशी तिन्हीकडे फिरते, आणि पाटवडीचं पीठ तेवढं थांबत नाही. माझी स्क्रिप्ट यातूनच आली.

पहिल्यांदा मी स्क्रिप्टशिवाय शूट केलं होतं. एक वाटी बेसन आणि दोन वाट्या पाणी, असं नेहमीचंच प्रमाण. फोडणीत पाणी उकळलं, बेसन वैरलं, वाफ आणली, गोळा कढईच्या कडेने सुटायला लागला. तेव्हा लक्षात आलं की मोबाईल अजून कढईसमोरच आहे आणि थापायचं ताट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. स्टँड उचलून तिकडे लावला, ताट नीट दिसेपर्यंत पुढेमागे केला. यात तीनेक मिनिटं गेली असतील. तोवर गोळा कढईतच घट्ट झाला. थापताना तो पसरेना, दाबला की कडेला चिरा पडत होत्या. सुरी फिरवली तर वड्यांचे कोपरे सुटून आले. चव बरी होती, पण अशी वडी रश्श्यात घातली की तिचा भुगा होतो. बेसन गरम असेपर्यंतच हाताखाली सरकतं. गॅस बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात ते ताटात सपाट व्हायलाच हवं.

म्हणून आता मी स्क्रिप्ट या मिनिट-दीड मिनिटापासून उलटी लिहायला घेते. थापतानाचा कॅमेरा कुठे असेल ते आधी ठरवते. ताटाला तेल लावलेलं असतं, वरून पसरायची कोथिंबीर आणि किसलेलं सुकं खोबरं उजव्या हाताशी असतं, दुसरा मोबाईल ताटाच्या बरोबर वर लावून ठेवलेला असतो. मग मागे वाफेकडे, वैरण्याकडे, फोडणीकडे यायचं. थापण्याच्या जागी माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे:

खूण: गोळा कडेने सुटला, ओलं बोट लावलं तर चिकटत नाही.
हात: गॅस बंद, गोळा ताटात, पाण्याचा हात लावून थापणे.
कॅमेरा: वरचा मोबाईल, हलवायचा नाही.
आवाज: «आता थांबायचं नाही.» पुढे काही बोलायचं नाही.
वेळ: अंदाजे ८० सेकंद.

यात वेळ सगळ्यात शेवटी आहे, आणि तिच्यापुढे «अंदाजे» आहे. करायचं ते खुणेवर करायचं. तुमच्या आईंचा अंदाज म्हणजे याच खुणा, फक्त त्यांना त्या लिहून ठेवाव्या लागत नाहीत. मी मागच्या लेखात नुसते सेकंद दिले आणि खुणा गाळल्या, ती माझी चूक होती. कोणाचा गॅस मोठा असतो, कोणाची कढई जाड बुडाची असते. मग «सहा मिनिटं वाफ» एवढंच वाचून कोणी झाकण काढलं तर बेसन कच्चं राहू शकतं. कच्च्या बेसनाचा वास जाईपर्यंत झाकण ठेवायचं, मधून एकदा तळापासून हलवायचं, असं तिथे हवं होतं. लेखात ती दुरुस्ती केली आहे.

मग सेकंद लिहायचेच कशाला? बोलण्यासाठी. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, लसूण-मिरचीचं वाटण घातल्यावर हळद आणि तिखट पडतं, आणि तिखट काही क्षणांत करपतं. त्यावर लगेच पाणी गेलं पाहिजे. मी माझं बोलणं घड्याळ लावून मोजलं तर दहा सेकंदांत वीस-बावीस शब्द होतात. म्हणजे «हे तिखट रंगाला आहे, झणझणीत हवं असेल तर अमुक घ्या» एवढं सांगेपर्यंत फोडणी काळी झालेली असते. सेकंद लिहिले की कुठल्या जागेत किती वाक्यं मावतील ते आधीच दिसतं. फोडणीत एकही वाक्य मावत नाही, म्हणून तिथे फक्त तडतड ऐकू येते. तिखटाबद्दल जे सांगायचं ते मी पाणी उकळायची वाट बघताना सांगते. तिथे तीन-चार मिनिटं मोकळी मिळतात, त्यातली व्हिडिओत वीस सेकंद ठेवते.

वाफेचीही एक गोष्ट सांगायला हवी. झाकण काढताना मोबाईल बरोबर वर असला तर लेन्सवर वाफ धरते आणि पुढचा अर्धा मिनिट सगळं धुरकट दिसतं. नेमका तेव्हाच गोळा कडेने सुटताना दिसायला हवा असतो. म्हणून त्या ओळीत «बाजूने, तिरका» असं लिहिलेलं असतं. कॅमेरा माझी बहीण धरते. तिला मधेच «जवळ ये» म्हटलं की तो आवाज रेकॉर्ड होतो, नंतर कापावा लागतो, आणि कापलेल्या जागी उडी दिसते. म्हणून आम्ही खुणेचा शब्द ठरवला आहे. मी «आता बघा» म्हटलं की ती जवळ येते. बघणाऱ्यांना ते माझं साधं बोलणं वाटतं.

आता आठवणीबद्दल. पाठ केलेलं कळतं, हे तुमचं खरं आहे. त्या व्हिडिओत आजीबद्दलची चार वाक्यं मी शब्दन् शब्द लिहून वाचली होती आणि माझा आवाजच बदलला होता. मी तो भाग पुन्हा ऐकला, तुम्हाला काय खटकलं ते समजलं. पण तिथे काहीच न लिहिणं हा उपाय नाही. ते करून पाहिलं, तर मी वैरताना बोलत बसले आणि पिठाच्या गुठळ्या झाल्या. एका हाताने पीठ सोडायचं आणि दुसऱ्याने घोटायचं असतं तेव्हा डोकं गोष्टीत असून चालत नाही. आता मी वाक्य लिहीत नाही, फक्त जागा आणि दोन शब्द लिहिते. वाफेच्या ओळीपुढे आता एवढंच आहे: «आजी, वाढताना».

त्या दोन शब्दांवरून जे सुचेल ते बोलते. आजी वड्या रश्श्यात उकळत नसे. ताटात वड्या मांडायची आणि जेवणारा पाटावर बसला की वरून कढत रस्सा ओतायची. आधीच घातल्या तर वड्या रस्सा पिऊन फुगतात, मऊ पडतात आणि रस्साही दाट होतो. ही आठवण वाफेच्या जागी ठेवली, कारण तेव्हा माझे हात रिकामे असतात आणि पाहणाऱ्याला पुढे वडी कशी वाढायची ते कळायला हवं असतं. एरवी छान वाटणारी पण वडीशी संबंध नसलेली आठवण मी काढून टाकते.

तुमच्या आईंचं शूट करायचं झालं तर त्यांच्या हातात स्क्रिप्ट देऊ नका. आधी एकदा नुसतं शेजारी उभं राहून बघा आणि त्या कुठे बोलतात, कुठे गप्प होतात ते लिहून घ्या. त्या गप्प होतात तिथे कॅमेरा आधीच जागेवर असला पाहिजे. आणि प्रमाण दुप्पट करायचं असेल तर माझे आकडे धरू नका. दोन वाट्या बेसनाचा गोळा आत जास्त वेळ गरम राहतो, पण थापायलाही जास्त वेळ लागतो, म्हणून दोन ताटं तेल लावून तयार ठेवा.