ऊस तोडणाऱ्यांची किडनी: पाण्याच्या बाटलीने प्रश्न सुटत नाही

फिरणारा मेसेज: “शेतात राबणाऱ्यांची किडनी फक्त पाणी कमी प्यायल्याने जाते. भरपूर पाणी प्या, गळून गेल्यासारखं वाटलं तर कोल्ड्रिंक घ्या, अंग दुखलं तर एक गोळी. बीपी आणि शुगर नॉर्मल, लघवीत प्रथिनं नाहीत, मग किडनी ठणठणीत!”

पहिल्या वाक्यातला ‘फक्त’ चुकीचा आहे. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ना मधुमेह, ना रक्तदाब, तरीही किडनी निकामी झालेल्या पुरुषांची नोंद एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे त्याच देशात वेगवेगळ्या उंचीवरच्या वस्त्यांची तुलना झाली. समुद्रसपाटीला ऊस आणि कापसात काम केलेल्या पुरुषांमध्ये किडनीचं काम बरंच घटलेलं होतं. सुमारे 500 मीटर उंचीवरच्या ऊसवाल्या वस्तीत मात्र ते प्रमाण कमी. पीक तेच, हवा थोडी थंड. म्हणून उष्णतेवरचा संशय बळावला. तो सिद्ध झालाय असं नाही. कीटकनाशकं, जड धातू, जळालेल्या उसाच्या राखेतला सिलिका यांवरचा संशयही मिटलेला नाही. असाच आजार श्रीलंकेतल्या भातशेतीच्या भागात आणि आंध्रातल्या उद्दानममध्येही आढळतो, पण तिथे कारणांची जुळणी वेगळी असू शकते.

पाणी कमी पडलं की त्रास वाढतो, हे खरं. पण स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता होऊन अंगातच राहते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ती बाहेरही पडत नाही. पाणी पिऊन घामाची भरपाई होते, पण कोयत्याचा वेग तोच राहिला तर आतली भट्टी विझत नाही. निकाराग्वात एकाच कारखान्याच्या उन्हात काम करणाऱ्यांपैकी जाळलेला ऊस तोडणाऱ्यांच्या किडनीला इजा जास्त होती आणि हलकं काम करणाऱ्यांच्या कमी. तिथे विश्रांती, सावली, पाणी आणि स्वच्छता अशी चौकट लावून ती पुढे अधिक कडक केली, तेव्हा जाळलेला ऊस तोडणाऱ्यांत हंगामभरात नव्याने इजा होण्याचं प्रमाण 27 टक्क्यांवरून पुढच्या हंगामात 7 टक्क्यांवर आलं. पाणी आधीही मिळत होतं. वाढली ती मुख्यतः सक्तीची विश्रांती.

‘भरपूर’ म्हणजे किती, हेही मेसेज सांगत नाही. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, आणि तासाला दीड लिटरच्या आत, हा सर्वसाधारण हिशेब. त्याहून जास्त नुसतं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. नवा माणूस असेल, तर पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याइतकंच ठेवावं आणि रोज तेवढंच वाढवत जावं.

कोल्ड्रिंक आणि गोळीबद्दल फार लिहायची गरज नाही. उष्णतेने वारंवार पाणी आटलेल्या उंदरांना फ्रुक्टोज-ग्लुकोजचं पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या किडनीला साध्या पाण्यापेक्षा जास्त इजा झाली. माणसांत तसंच होतं असा पक्का पुरावा नाही, पण तहानेला साखरेची जोड द्यायचं कारण काय? आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक? शरीरातलं पाणी कमी झालं की किडनी ज्या रसायनांच्या आधाराने आपला रक्तपुरवठा टिकवते, तीच या गोळ्या रोखतात. मध्य अमेरिकेतले तोड कामगार लघवीच्या जळजळीला ‘चिस्ताता’ म्हणतात. बऱ्याचदा तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरी संसर्ग समजून प्रतिजैविकं दिली जातात, आणि त्यांपैकी काही किडनीलाच घातक असतात.

शेवटचा दावा सगळ्यात महाग पडतो, कारण या आजारात इजा प्रामुख्याने किडनीतल्या बारीक नलिकांना होते. लघवीत प्रथिनं फार उशिरा आणि थोडीच दिसतात. बीपीही बराच काळ ठीक असतो. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो स्नायूंचा टाकाऊ पदार्थ, बघावं, आणि तेही ज्याच्या त्याच्या आधीच्या आकड्याशी ताडून. समजा, 28 वर्षांच्या पुरुषाचं हंगामाआधी 0.9 होतं आणि शेवटी 1.3 झालं. बऱ्याच प्रयोगशाळा 1.3 ला ‘नॉर्मल’च्या रकान्यात ठेवतात. पण सूत्राने काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, साधारण 119 वरून 77 वर आलेला असतो: एक-तृतीयांशाहून जास्त घट! हंगामाआधीचा रिपोर्टच नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

रक्त मात्र कामावरून परतल्यावर त्याच संध्याकाळी देऊ नये. दमलेले स्नायू आणि कमी पडलेलं पाणी यांनी आकडा तात्पुरता फुगतो. विश्रांतीनंतर पुन्हा तपासावं. ईजीएफआर तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर आजार दीर्घकालीन धरतात. वरच्या उदाहरणातला तरुण त्या रेषेच्या वरच आहे, पण पुढच्या हंगामात त्याला टनावर मजुरीच्या तोडीला लावण्याआधी हा आकडा मुकादमासमोर असायला हवा.